हळकुंडावरची पेवडी

शेतातून काढलेली हळद शिजवतात, मग दहा-पंधरा दिवस उन्हात वाळवतात. सांगली किंवा वसमतच्या शेतकऱ्याला विचारा, तो सांगेल की वाळलेलं हळकुंड तेव्हा मुळीच पिवळंधमक दिसत नाही. ते करडं-तपकिरी असतं, साल खरखरीत, अंगाला मुळ्यांची कुसं चिकटलेली. मग ते लोखंडी ढोलात घालून फिरवतात. हळकुंडं एकमेकांवर आणि ढोलाच्या जाळीवर घासतात, साल झडते, आतला पिवळा रंग वर येतो. याला पॉलिश म्हणतात. या पायरीवर हळदीचं वजन घटतं आणि भाव वाढतो. बाजारात व्यापारी हळकुंड हातात घेतो, मोडून बघतो, पण त्याआधी त्याची नजर वरच्या रंगावर जाते.

बांगलादेशात नेमक्या याच पायरीवर, फिरत्या ढोलात, मूठभर पिवळी पूड टाकायची पद्धत पडली होती. ती पूड म्हणजे लेड क्रोमेट, शिशाचं एक संयुग. रंग झळझळीत, किंमत कमी, हळकुंडाच्या अंगाला घट्ट बसणारा. तिथे त्याला 'पेउरी' म्हणत. आपल्याकडची जुनी माणसं भिंतीच्या चुन्यात कालवायच्या पिवळ्या रंगाला पेवडी म्हणत, हा शब्दही त्याच घराण्यातला दिसतो. पूड टाकली की कमी घासूनही हळकुंड चमकतं, वेळ वाचतो, वजन फारसं घटत नाही, आणि काळपट पडलेला मालही खपून जातो.

ही गोष्ट उघडकीला कशी आली, ते मुळातून समजून घेण्यासारखं आहे. लहान मुलांच्या शिशाच्या विषबाधेत खरं अवघड काम कुठलं आणि ते कसं करतात, हे त्यात स्पष्ट दिसतं.

बांगलादेशातल्या ग्रामीण भागात 430 गर्भवती स्त्रियांचं रक्त तपासलं होतं. जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यातल्या स्त्रियांच्या रक्तात शिसं जास्त निघालं. हे कोडंच होतं. शिसं म्हटलं की आपल्याला शहर आठवतं. जुन्या पेट्रोलचा धूर, बॅटरीचे कारखाने, रंगाच्या भिंती. या बायका तर भातशेतीच्या गावांतल्या. आसपास कारखाना नाही, रस्त्यावर गाड्यांची वर्दळ नाही. आणि गर्भवतीच्या रक्तातलं शिसं वार ओलांडून थेट बाळापर्यंत जातं. म्हणजे जन्माला यायच्या आधीच मुलाचा वाटा सुरू झालेला.

स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या जेना फोर्साइथ आणि ढाक्याच्या आयसीडीडीआर,बी या संशोधन संस्थेतले त्यांचे सहकारी हा माग काढायला निघाले. सुरुवातीला संशय होता शेतीच्या औषधांवर, डाख दिलेल्या डब्यांवर, मातीवर, तांदळावर. घरोघरी जाऊन नमुने गोळा केले. हळद यादीत होती, पण ती मुख्य संशयित नव्हती. मग त्यांनी शिशाची 'जात' तपासली. निसर्गातलं शिसं चार समस्थानिकांचं मिश्रण असतं. वजन 204, 206, 207 आणि 208. प्रत्येक खाणीतल्या शिशात त्यांचं आपसातलं प्रमाण थोडं वेगळं असतं, आणि ते शिसं वितळवलं, रंगात घातलं, पोटात गेलं, तरी ते प्रमाण बदलत नाही. स्त्रियांच्या रक्तातल्या शिशाचं प्रमाण त्यांच्या स्वयंपाकघरातल्या हळदीशी जुळलं. 2019 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

त्याच वर्षी दुसरा अभ्यासही आला. हळद पिकवणाऱ्या 9 जिल्ह्यांत जाऊन त्यांनी शेतकरी, पॉलिशवाले, व्यापारी यांच्याशी बोलून घेतलं. 9 पैकी 7 जिल्ह्यांत रंग चढवलेल्या हळदीचा पुरावा मिळाला. एका नमुन्यात ग्रॅममागे 1152 मायक्रोग्रॅम शिसं होतं. लोकांनी सांगितलेला इतिहास असा, की 1980च्या दशकात एका मोठ्या पुरात हळद भिजली, वाळेना, काळी पडली. ती विकायची कशी म्हणून कुणीतरी रंग लावला. गिऱ्हाईकाला तो रंग आवडला. पुढे पूर ओसरला, पण रंग राहिला, कारण आता घाऊक व्यापारी तेवढाच पिवळा माल मागू लागले. मला या कथेत खलनायक सापडत नाही. पॉलिश करणारा मजूर ती पूड उघड्या हातांनी टाकत होता, तिचीच धूळ श्वासात घेत होता आणि तीच हळद घरी नेत होता.

आता त्या 1152 च्या आकड्याचं वजन मुलाच्या अंगात किती होतं ते पाहू. रक्तातलं शिसं डेसीलिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये मोजतात. डेसीलिटर म्हणजे 100 मिलिलिटर, आणि मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. जागतिक आरोग्य संघटना सांगते की हा आकडा 5 किंवा त्याहून जास्त असेल, तर शिसं कुठून येतंय हे शोधायलाच हवं. दहा किलो वजनाच्या मुलाच्या अंगात साधारण 800 मिलिलिटर रक्त असतं. म्हणजे आकडा 5 असेल तेव्हा त्याच्या सगळ्या रक्तात मिळून शिसं असतं अवघं 40 मायक्रोग्रॅम. आणि वर सांगितलेल्या त्या हळदीतली अर्धा ग्रॅम, म्हणजे वरणात पडणारी चिमूट, तीत 576 मायक्रोग्रॅम होतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मुलांच्या अन्नासाठी धरलेली दिवसाची पातळी 2.2 मायक्रोग्रॅम आहे. खाल्लेलं सगळं शिसं अंगी लागत नाही हे खरं, पण मोठ्या माणसाच्या आतड्यातून त्यातला सुमारे दहावा हिस्साच रक्तात जातो आणि लहान मुलाच्या आतड्यातून निम्म्याच्या आसपास.

निम्मं का, तर शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसतं. वाढत्या मुलाचं आतडं कॅल्शियम आणि लोह ओढून घ्यायला टपलेलं असतं, आणि शिसं त्याच दारांनी आत शिरतं. मूल जितकं लोहाला भुकेलं, तितकं शिसं जास्त शोषलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या दहापैकी सहाहून अधिक मुलांत रक्तक्षय आढळला, हे इथे आठवावं लागतं. वर शिसं स्वतःच रक्तातलं हीमोग्लोबिन बनण्याची क्रिया अडवतं. म्हणजे रक्तक्षयाने शिसं वाढतं आणि शिशाने रक्तक्षय.

रक्तातून ते मेंदूत जातं. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूतल्या पेशींच्या जोडण्या बांधल्या जात असतात आणि नको त्या छाटल्या जात असतात. या कामात कॅल्शियमचे इशारे लागतात. शिसं तिथेही कॅल्शियमचं सोंग घेऊन चुकीचे इशारे देतं. वेगवेगळ्या देशांतल्या 1333 मुलांची माहिती एकत्र करून 2005 साली जे गणित मांडलं गेलं, त्यातला निष्कर्ष आपल्या अंदाजाच्या उलटा आहे. रक्तातलं शिसं 2.4 वरून 10 वर गेलं तेव्हा बुद्ध्यंकात सुमारे 4 गुणांची घट दिसली. 10 वरून 20 वर गेलं तेव्हा आणखी सुमारे 2 गुणांची, आणि 20 वरून 30 पर्यंत सुमारे एका गुणाची. म्हणजे पहिल्या थोड्या शिशानेच सर्वात जास्त नुकसान होतं. अमेरिकेत 1960च्या दशकात 60 पर्यंतचा आकडा चालतो असं मानत. तो 1991 साली 10 वर आला, 2012 साली 5 वर, आणि 2021 साली 3.5 वर. 3.5 ही सुरक्षित पातळी नव्हे. तिथल्या मुलांपैकी सर्वात जास्त शिसं असलेली अडीच टक्के मुलं ओळखण्यासाठी मारलेली ती रेघ आहे. सुरक्षित पातळी आजवर कुणाला सापडलेली नाही.

आणि हे मूल आजारी दिसत नाही. आकडा 8 असलेलं मूल खेळतं, जेवतं, हसतं. पोटात कळा, उलट्या, झटके ही लक्षणं फार वरच्या पातळीला येतात. मधल्या पातळीवर आई म्हणते, 'जरा चिडका आहे', 'शाळेत लक्ष नाही', 'भूक कमी आहे'. ही तक्रार शंभरातल्या पन्नास आयांची असते. त्यामुळे डॉक्टरने कितीही नीट तपासलं तरी नुसत्या डोळ्यांना शिसं दिसणार नाही. रक्त मोजल्याशिवाय कळायचा दुसरा मार्ग नाही. म्हणून वस्तीत जाऊन, बरी दिसणारी मुलं तपासावी लागतात.

ही तपासणी प्रत्यक्षात कशी होते ते जवळून पाहू. अंगणवाडीत किंवा दवाखान्याच्या ओसरीवर मूल आईच्या मांडीवर बसलेलं आहे. पहिलं काम सुईचं नाही, साबणाचं आहे. मुलाचे हात साबणाने चोळून, वाहत्या पाण्याखाली धुवायचे आणि कागदाच्या स्वच्छ रुमालाने टिपायचे. त्यानंतर ते बोट कशालाही लागू द्यायचं नाही, आईच्या पदरालाही नाही. कारण मोजायची गोष्ट इतकी सूक्ष्म आहे की बोटावरचा धुळीचा एक कण थेंबात मिसळला तरी आकडा फुगतो. अल्कोहोलचा बोळा जंतू मारतो, पण शिशाची धूळ काढत नाही. मग बोटाच्या टोकाला बाजूने टोचायचं, पहिला थेंब पुसून टाकायचा, आणि पुढचा थेंब बारीक नळीत ओढून घ्यायचा. लेडकेअर नावाचं छोटं यंत्र यासाठी जगभर वापरतात. त्याला 50 मायक्रोलिटर रक्त पुरतं, म्हणजे मोठा एक थेंब. तो द्रावणात मिसळून पट्टीवर टाकला की यंत्र 3 मिनिटांत आकडा दाखवतं. प्रयोगशाळा नको, वीज नसली तरी चालतं.

याच्या मर्यादाही तितक्याच ठोस आहेत. 3.3 च्या खालचा आकडा हे यंत्र दाखवत नाही, नुसतं 'कमी' म्हणतं. 65 च्या वर 'जास्त' म्हणतं. आणि भोवतालचं तापमान 12 ते 36 अंश सेल्सियस असलं तरच ते भरवशाचं. एप्रिल-मे महिन्यात विदर्भातल्या पत्र्याच्या अंगणवाडीत ते उघडून ठेवलं, तर त्याच्या आकड्यावर विसंबता येणार नाही. शिबिर भरवायचं तर सकाळी लवकर, किंवा पावसाळ्यानंतर.

समजा, अशा शिबिरात दीड वर्षाच्या एका मुलीचा आकडा 14 आला. इथे थांबून आईला 'तुमच्या मुलीला विषबाधा झाली आहे' असं सांगणं चूक. हात नीट धुतला गेला नसेल, तर खरा आकडा बराच खाली असू शकतो. म्हणून शिरेतून रक्त घेऊन प्रयोगशाळेत पक्की तपासणी करतात. किती घाई करायची ते आकड्यावर ठरतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचं वेळापत्रक असं आहे: आकडा 10 ते 19 असेल तर महिनाभरात, 20 ते 44 असेल तर दोन आठवड्यांत, 45 किंवा अधिक असेल तर 48 तासांत. आपल्या मुलीचा पक्का आकडा 11 आला असं धरू. म्हणजे शिसं खरोखर आहे.

आता बहुतेकांना वाटेल की पुढची पायरी औषध. शिसं बांधून लघवीवाटे बाहेर काढणारी औषधं आहेत, आणि 45 च्या वरच्या मुलांना ती देतात. पण 20 ते 44 च्या दरम्यान आकडा असलेल्या 780 मुलांवर अमेरिकेत मोठी चाचणी झाली. औषधाने रक्तातलं शिसं खाली आलं, पण पुढच्या काही वर्षांत त्यांच्या बुद्धीच्या चाचण्यांत औषध घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत फरक दिसला नाही. झालेलं नुकसान औषधाने भरून निघालं नाही. म्हणून 11 आकडा असलेल्या मुलीला औषधाची बाटली द्यायची नसते. तिच्या पत्र्याच्या घरात, अंगणात, चुलीपाशी शोधायला जायचं असतं. तिला लोह आणि कॅल्शियम मिळतंय ना हे पाहायचं, आणि शिसं येण्याची वाट बुजवायची.

घरात काय शोधायचं? बापाचा धंदा काय, हे पहिलं विचारायचं. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं गाळणारा, भंगार गोळा करणारा, डाख देणारा, रंगकाम करणारा माणूस कपड्यांवर आणि केसांत धूळ घेऊन घरी येतो, आणि रांगतं मूल त्याच फरशीवर हात टेकून हात तोंडात घालतं. गल्लीत कुठे बॅटऱ्या फुटतात का? दाराखिडक्यांचा जुना ऑइलपेंट पोपडे धरून गळतोय का? भारतात घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दहा लाख भागांत 90 भाग अशी नोव्हेंबर 2017 पासून लागू झाली, त्याआधीच्या थरांत काय आहे कुणास ठाऊक. भांड्यांना कल्हई कुठल्या कथलाची? भंगारातून ओतलेली ॲल्युमिनियमची पातेली वापरात आहेत का? काजळ, सुरमा, कुंकू, भस्माची औषधं? नागभस्म हे तर शिशाचंच भस्म. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांतही हे प्रश्न विचारावे लागतात. न्यू जर्सीतल्या दुकानांतून आणि मुंबई-दिल्लीतून घेतलेल्या सिंदुराच्या 118 नमुन्यांचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला, आणि त्यातल्या बहुसंख्य नमुन्यांत, इथल्या काय आणि तिथल्या काय, शिसं सापडलं.

आणि शेवटी मसाल्याचा डबा. हल्ली तपासनीस पिस्तुलासारखं दिसणारं एक्सआरएफ यंत्र सोबत नेतात. ते वस्तूला टेकवलं की क्ष-किरण सोडतं, आणि प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या ऊर्जेने उत्तर देतं. मिनिटभरात हळदीत, रंगात, पातेल्यात, मातीत शिसं किती ते पडद्यावर येतं. डबे उघडून ओळीने मांडायचे आणि एकेकाला यंत्र लावत जायचं. हळदीत शिसं आणि क्रोमियम दोन्ही एकदम उमटली, तर लेड क्रोमेट आहे असं जवळजवळ धरून चालायचं, कारण त्या रंगात हे दोघं जोडीनेच असतात.

ही जोडी अमेरिकेतही एकदा दिसली. 2023 साली नॉर्थ कॅरोलायनात लहान मुलांच्या नेहमीच्या तपासणीत काही मुलांचे आकडे अचानक वर गेलेले दिसले. मुलं ठणठणीत होती. तिथे ठराविक वयाला रक्त तपासायची पद्धत आहे म्हणूनच ते कळलं. तपासनीस घरी गेले, रंग पाहिला, पाणी पाहिलं, माती पाहिली, काहीच निघालं नाही. मग मुलं रोज काय खातात याची यादी केली, आणि सगळ्या याद्यांत एक गोष्ट सारखी आली: दालचिनी घातलेल्या सफरचंदाच्या गराच्या छोट्या पिशव्या. दोष दालचिनीच्या पुडीत होता. इक्वेडोरमधल्या कारखान्यात घेतलेल्या त्या पुडीच्या दोन नमुन्यांत दहा लाख भागांत 2270 आणि 5110 भाग शिसं निघालं, सोबत क्रोमियमही. पुढे तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने देशभर पाचशेहून जास्त संबंधित रुग्ण नोंदवले. सुरुवात मात्र चार मुलांच्या आकड्यांपासून झाली होती. ही मुलं तपासणीच्या जाळ्यात नसती, तर त्या पिशव्या किती वर्षं विकल्या गेल्या असत्या याचा विचार मला अस्वस्थ करतो.

आपल्याकडे हे जाळं नाही, पण ते टाकून पाहिल्याचे दाखले आहेत. 1998-99 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुंबई आणि दिल्लीत, तीन वर्षांखालच्या मुलांच्या बोटाला टोचून शिसं मोजलं गेलं. हजाराच्या वर मुलांची जी माहिती नंतर अभ्यासली गेली, तिच्यात शंभरातली 76 मुलं 5 ते 20 च्या दरम्यान होती. तेव्हा शिसं घातलेलं पेट्रोल अजून विकलं जात होतं. ते 2000 साली देशभर बंद झालं आणि आपण सगळ्यांनी मनात त्या विषयावर पडदा टाकला. पुढच्या तीन सर्वेक्षणांत रक्तक्षय मोजला, साखर मोजली, शिसं मोजलं नाही. मग 2020 च्या सुमारास पाटण्यात पाच वर्षांखालच्या 135 मुलांचं रक्त तपासलं गेलं. पेट्रोलमधलं शिसं जाऊन वीस वर्षं झालेली, तरी 87 टक्के मुलांचे आकडे 5 किंवा त्याहून वर. 2024 साली दक्षिण आशियातल्या शहरांतल्या हळदीचा अभ्यास आला, त्यातला सर्वात वाईट नमुनाही पाटण्यातलाच, ग्रॅममागे 2274 मायक्रोग्रॅम. हे वाचून 'महाराष्ट्रातली हळद चांगली' असं म्हणून स्वस्थ बसणं बरोबर नाही आणि 'सगळ्या हळदीत विष' म्हणून घाबरणंही नाही. आपल्या मुलांचे आकडे आपल्याला हवेत.

ते मिळवायचे कसे? प्रत्येक मुलाला टोचत सुटणं हा एक मार्ग, आणि तो महागडा. दुसरा मार्ग, फक्त धोक्याच्या वस्त्या निवडायच्या. बॅटरी गाळणाऱ्या भट्ट्यांच्या आसपास, भंगाराच्या गल्ल्यांत. पण बांगलादेशच्या भातशेतीतल्या त्या बायका अशा यादीत कधीच आल्या नसत्या. नॉर्थ कॅरोलायनातली मुलंही नसती आली. म्हणून मला पटणारी रीत ही, की धोक्याच्या वस्त्या पूर्ण तपासायच्या, आणि त्याखेरीज प्रत्येक जिल्ह्यात चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या थोड्या गावांतली एक ते दोन वर्षांची मुलंही तपासायची. हे वय महत्त्वाचं, कारण रांगणाऱ्या आणि सगळं तोंडात घालणाऱ्या मुलांचे आकडे दोन वर्षांच्या आसपास सर्वात वर जातात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतातच. शिशाची तपासणी त्यांच्या यादीत नाही. ती घातली, तर नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. पण त्यासोबत दोन गोष्टी आधी ठरलेल्या असल्या पाहिजेत. पक्की तपासणी कुठल्या प्रयोगशाळेत होणार, आणि घर तपासायला कोण जाणार. त्या नसतील तर आपण आईच्या हातात एक भीतिदायक आकडा ठेवून निघून जाऊ, आणि पुढच्या वेळी ती अंगणवाडीतल्या ताईंना दार उघडणार नाही.

बांगलादेशने हे तुकडे जोडून दाखवले. अभ्यास हातात पडल्यावर तिथल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2019 साली वर्तमानपत्रांतून आणि बाजारांत चिकटवलेल्या पत्रकांतून धोका सांगितला. ढाक्याच्या श्यामबाजार या घाऊक पेठेत अधिकारी एक्सआरएफ यंत्र घेऊन गेले, सगळ्यांच्या देखत हळद तपासली आणि दोन घाऊक व्यापाऱ्यांना मिळून 8 लाख टका दंड केला. ते दूरचित्रवाणीवर दिसलं. 2019 साली बाजारातल्या हळदीच्या 47 टक्के नमुन्यांत शिसं सापडत होतं. 2020 च्या सुरुवातीला 5 टक्क्यांत सापडलं. 2021 साली एकाही नमुन्यात नाही. हळदीच्या गिरण्यांमधल्या कामगारांच्या रक्तातलं शिसंही सुमारे 30 टक्क्यांनी उतरलं. कारखाने बंद पडले नाहीत, हळदीचा बाजार बुडाला नाही. फक्त हळद थोडी फिकट दिसू लागली.

घरी काही कळू शकतं का, हा प्रश्न येणारच. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सुचवलेली सोपी चाचणी अशी: काचेच्या पेल्यात साधं पाणी घ्यायचं आणि त्यात अख्खं हळकुंड अलगद सोडायचं, ढवळायचं नाही. शुद्ध हळकुंड पाण्याला लगेच रंग देत नाही. अंगावर रंग चढवलेला असेल तर पाणी ताबडतोब पिवळं होऊ लागतं. पण यावरून 'रंग नाही आला म्हणजे निर्धोक' असं ठरवता येत नाही. थोड्या प्रमाणातलं शिसं या चाचणीत पकडलं जाणार नाही, आणि हळदीच्या पुडीला ती लागूच नाही. आणखी एक गैरसमज काढायला हवा. पुष्कळ घरांत 'आम्ही अख्खी हळकुंडं आणून दळून घेतो' हा विश्वास असतो. बांगलादेशात रंग चढत होता तो अख्ख्या हळकुंडांवर, दळण्याच्या कितीतरी आधी.

आता परत त्या 11 आकडा असलेल्या मुलीकडे जाऊ. समजा, यंत्राने तिच्या घरात हळदीच्या एका डब्यावर बोट ठेवलं, तो डबा बाजूला केला, आईने ती हळद आणणं थांबवलं. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्मं होतं, पण त्याआधी मुलीच्या हाडांत जाऊन बसलेलं शिसं तेवढ्यात हळूहळू रक्तात उतरत राहतं. त्यामुळे आकडा सरळ खाली येत नाही, सावकाश येतो. तीन महिन्यांनी पुन्हा शिरेतलं रक्त घ्यायचं. तेव्हा 7 आलं तर डबा बरोबर पकडला. पुन्हा 11 आलं, किंवा 12 आलं, तर तो डबा एकटा नव्हता. तर मग परत त्या घरी जायचं, आणि यावेळी चुलीपासून नाही, बापाच्या कामाच्या कपड्यांपासून सुरुवात करायची.